कामांची यादी आणि तारखा आहेत, त्याचा साध्या अक्षरांत गँट तक्ता कसा करायचा?

कोपऱ्यातली_खिडकी

नमस्कार मंडळी. घरातल्या एका बाथरूमचं काम काढलंय. ठेकेदाराने कामांची यादी तारखांसकट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. ती अशी:

```
तोडफोड, 05/01/2026, 07/01/2026
प्लंबिंगची लाइन, 08/01/2026, 10/01/2026
वायरिंगचे पाइप, 09/01/2026, 10/01/2026
वॉटरप्रूफिंग, 12/01/2026, 15/01/2026
पाणी भरून ठेवणे, 16/01/2026, 19/01/2026
टाइल्स, 19/01/2026, 24/01/2026
फॉल्स सीलिंग, 27/01/2026, 28/01/2026
नळ, कमोड फिटिंग, 28/01/2026, 30/01/2026
राडारोडा उचलणे, 31/01/2026, 31/01/2026
```

वाचताना सगळं ठीक वाटतं, पण कुठलं काम कशावर चढतंय ते डोळ्यांसमोर येत नाही. ऑफिसात प्रोजेक्टवाले आडव्या पट्ट्यांचा तक्ता लावतात, तसं काहीतरी हवंय. पण चित्र किंवा पीडीएफ नको. घरच्या ग्रुपवर मजकूर म्हणूनच टाकता आला पाहिजे, म्हणजे तारीख सरकली की दोन मिनिटांत दुरुस्त करून परत पाठवता येईल. ग्रुपवर सासूबाई आहेत, भाऊ न्यू जर्सीत आहे, आणि ठेकेदारही आहे. त्याच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपपलीकडे काहीच उघडत नाही. मी आत्तापर्यंत स्पेसबार दाबून दाबून पट्ट्या काढल्या. माझ्या फोनवर सरळ, यांच्या फोनवर पार वाकड्या. काय करू?

बोरकूट

एका बाथरूमला जवळजवळ चार आठवडे? आमचं १५ दिवसांत झालं होतं, त्यात दोन दिवस टाइलवाला आलाच नव्हता. ठेकेदार बदला. आणि पाणी चार दिवस कशाला भरून ठेवायचं? २४ तास ठेवलं तरी गळती कळते.

कोपऱ्यातली_खिडकी

बोरकूट, धागा ठेकेदारावर नाही हो, तक्त्यावर आहे. :) खालच्या मजल्यावर आधी एकदा गळलंय, म्हणून मीच जास्त दिवस मागितले.

रात्रपाळी

सोपं आहे. स्पेसबारने ओळी वाकड्या होतात, कारण साध्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मजकुराच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक टाका, म्हणजे टंकलेखन यंत्रासारखा समान रुंदीचा फॉन्ट येतो. मग कामाचं नाव १५ अक्षरांच्या जागेत बसवा, उरलेल्या जागी स्पेस भरा आणि पुढे पट्टी काढा. गूगल शीटमध्ये नावाला `LEFT(A2&REPT(" ",15),15)` केलं की सगळी नावं एका मापाची होतात. पट्टीसाठी `█` आणि रिकाम्या जागी `░` वापरा, झकास दिसतं. आमच्या टीममध्ये रोज हेच चालतं.

कोपऱ्यातली_खिडकी

केलं. आधीपेक्षा बरं आहे, पण "वॉटरप्रूफिंग"ची पट्टी "टाइल्स"च्या पट्टीपेक्षा बरीच डावीकडून सुरू होते. आणि ते काळे चौकोन माझ्या फोनवर एका रुंदीचे, यांच्या फोनवर दुसऱ्याच.

फूटपट्टी

रात्रपाळी यांचं अर्धं बरोबर आहे. बॅकटिक हवेतच. पण त्यांच्या टीममध्ये कामांची नावं इंग्रजीत असणार, म्हणून तिथे जमतं.

समान रुंदीच्या त्या फॉन्टमध्ये बहुतेक फोनवर देवनागरी अक्षरंच नसतात. फोन ती दुसऱ्या फॉन्टमधून उसनी घेतो, आणि त्या फॉन्टला समान रुंदीशी काही देणंघेणं नसतं. दुसरी गोम अशी की शीट मोजते ते आपण मोजतो ते अक्षर नव्हे. "वॉटरप्रूफिंग" आपण सहा अक्षरांत वाचतो: वॉ, ट, र, प्रू, फिं, ग. `LEN` मात्र १२ सांगतं, कारण काना-मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "तोडफोड" चार अक्षरांचं, `LEN` सहा. त्यामुळे १५च्या जागेत "वॉटरप्रूफिंग"पुढे तीनच स्पेस पडतात आणि पट्टी डावीकडे सरकते. तुम्हाला दिसलं ते हेच. काळ्या चौकोनांची गतही तीच, तेही उसने. काही फोनवर फॉन्टमध्ये असतात, काहींवर नसतात.

मी साइटवर प्लॅनिंगचं काम करतो. अशा याद्या दर आठवड्याला मजुरांच्या मुकादमांना पाठवाव्या लागतात. बरीच डोकेफोड केल्यावर एक साधी गोष्ट लक्षात आली: पट्टी आधी लिहायची, नाव नंतर. ओळीच्या सुरुवातीला फक्त `#` आणि `.` असतील, तर पट्ट्या कुठल्याही फोनवर एकाखाली एक येतात. नाव शेवटी गेलं की त्याची रुंदी काहीही असो, त्याच्यानंतर सरळ ठेवायचं काही उरतच नाही. स्पेस भरणं बंद, `LEN` बंद. रिकाम्या दिवसांसाठीही स्पेस नको, ठिंपका द्या. ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस कॉपी करताना कधी गायब होतात ते कळतसुद्धा नाही.

शीटमध्ये A मध्ये नाव, B मध्ये सुरुवात, C मध्ये शेवट, पहिली ओळ मथळ्याची. F1 मध्ये `=MIN(B2:C10)`, F2 मध्ये `=MAX(B2:C10)`. मग D2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=REPT(".",B2-$F$1)&REPT("#",C2-B2+1)&REPT(".",$F$2-C2)&" "&A2
```

तीन तुकडे आहेत: कामाआधीचे दिवस, कामाचे दिवस, कामानंतरचे दिवस. मधल्या तुकड्यातला `+1` विसरू नका. ५ ते ७ तारीख म्हणजे तीन दिवसांचं काम, वजाबाकी मात्र दोन सांगते. `+1` राहिला तर प्रत्येक पट्टी एका दिवसाने आखूड होते, आणि राडारोड्यासारखं एकाच दिवसाचं काम तक्त्यातून नाहीसंच होतं. एक दिवसाची कामं दिसत नसतील तर पहिला संशय इथे घ्यायचा.

घाटमाथा

अवांतर: या तक्त्याला हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याचं नाव आहे. पण पोलंडच्या कारोल अडामिएत्स्कीने १८९६ मध्येच तसली पद्धत बसवली होती. त्याने ती इंग्रजी वाचकांपुढे वेळेवर नेली नाही, आणि नाव गेलं गँटकडे.

बोरकूट

म्हणजे त्यांच्याही ठेकेदाराने उशीरच केला.

कोपऱ्यातली_खिडकी

फूटपट्टी, खूप आभार. पण काहीतरी भयंकर झालंय. भावाने शेअर केलेली शीट होती, त्यातच यादी चिकटवली आणि फॉर्म्युला टाकला. तोडफोडीची पट्टी इतकी लांब आलीय की स्क्रोल करून संपत नाही. प्लंबिंग आणि वायरिंगचंही तेच. चौथ्या ओळीपासून खाली सगळीकडे `#VALUE!`. तोडफोडीला एवढे दिवस लागणार असतील तर बोरकूट यांचं ऐकून ठेकेदार बदलावा म्हणते.

फूटपट्टी

शीट न्यू जर्सीतल्या भावाने बनवली होती ना? मग उत्तर त्यातच आहे. अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि नवी शीट बनवणाऱ्याची तीच सवय उचलते. 05/01 तिने १ मे म्हणून घेतलं, 07/01 म्हणजे १ जुलै. तोडफोड झाली १ मे ते १ जुलै, म्हणजे ६२ दिवस. मोजून बघा, पहिल्या पट्टीत ६२ `#` असतील. प्लंबिंग १ ऑगस्ट ते १ ऑक्टोबर, योगायोगाने तेही ६२.

वॉटरप्रूफिंगचा शेवट आहे 15/01. पंधरावा महिना नसतो, म्हणून शीटने ती तारीख मानलीच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवली. मजकुरातून तारीख वजा होत नाही, म्हणून `#VALUE!`. आणि `MIN`, `MAX` मजकूर सोडून देतात, तक्रारसुद्धा करत नाहीत. म्हणून तुमचा तक्ता १ मे ते १ डिसेंबर असा २१५ दिवसांचा झालाय.

हे ओळखायला फॉर्म्युलाही लागत नाही. तारखांच्या स्तंभाकडे नुसतं बघा. ज्या खऱ्या तारखा मानल्या गेल्या त्या खणात उजवीकडे चिकटतात, मजकूर राहिलेल्या डावीकडे. एकाच स्तंभात काही डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजा महिना आणि दिवस उलटलेत. सगळ्या तारखा १२च्या आतल्या असत्या तर मात्र सगळ्या मुकाट उजवीकडे गेल्या असत्या आणि तक्ता चुकीचा असूनही नीटनेटका दिसला असता. तुमच्या यादीत १५ तारीख होती म्हणून वाचलात.

उपाय: `File > Settings > Locale` मध्ये `India` निवडा. पण तेवढ्याने आधीच्या तारखा सुधारत नाहीत. १ मे झालेली तारीख १ मेच राहते, फक्त दाखवण्याची तऱ्हा बदलते. म्हणून आधी सेटिंग बदला, तारखांचे खण पुसा आणि मूळ यादी पुन्हा चिकटवा.

कोपऱ्यातली_खिडकी

झालं!! लॅपटॉपवर असं दिसतंय. वरची तारखांची ओळ मी हाताने लिहिली, दर सोमवारी एक आकडा.

```
05     12     19     26
###........................ तोडफोड
...###..................... प्लंबिंगची लाइन
....##..................... वायरिंगचे पाइप
.......####................ वॉटरप्रूफिंग
...........####............ पाणी भरून ठेवणे
..............######....... टाइल्स
......................##... फॉल्स सीलिंग
.......................###. नळ, कमोड फिटिंग
..........................# राडारोडा उचलणे
```

आणि पाच मिनिटांत दोन गोष्टी दिसल्या. १९ तारखेला बाथरूममध्ये पाणी भरलेलं आहे आणि त्याच दिवशी टाइलवाला येतोय. २८ला फॉल्स सीलिंगवाले शिडी लावून उभे, आणि तिथेच प्लंबर कमोड बसवतोय. आमचं बाथरूम चार बाय सात आहे! यादी मी निदान दहा वेळा वाचली होती.

आज्जीचा_नातू

९-१०ला प्लंबिंग आणि वायरिंगही एकावर एक आहेत, ते चालतं का?

फूटपट्टी

ते चालतं. दोन्ही भिंत फोडून पाइप गाडायची कामं, एक जण एका भिंतीवर, दुसरा दुसऱ्या. उलट ती एकदमच व्हायला हवीत, नाहीतर प्लास्टर दोनदा. पट्ट्या एकाखाली एक आल्या म्हणजे चूकच, असं तक्ता सांगत नाही. विचार कुठे करायचा तेवढं दाखवतो.

१९ तारखेचं मात्र ठेकेदाराला विचारा. माझा अंदाज, त्याच्या डोक्यात "१९ला सकाळी पाणी सोडू आणि लगेच टाइल्स" असं असेल. म्हणजे पाणी १६, १७, १८ असे तीन दिवस, आणि १९ हा त्याचा शेवटचा दिवस नव्हे, मोकळं होण्याचा दिवस. लोक शेवटची तारीख दोन अर्थांनी लिहितात. कोणी "या दिवसापर्यंत काम चालू" म्हणतो, कोणी "या दिवशी मोकळं". आपला फॉर्म्युला पहिला अर्थ धरतो. यादी देणाऱ्याने मध्येच दुसरा अर्थ धरला की एका दिवसाची खोटी टक्कर दिसते. हे शीट सांगू शकत नाही, फोन करूनच कळतं.

कोपऱ्यातली_खिडकी

फोन केला. अगदी तेच निघालं, "१९ला सकाळी आठला पाणी सोडणार ना ताई". २८चं मात्र खरंच चुकलं होतं. आता फिटिंग २९ ते ३१, राडारोडा सोमवारी २ फेब्रुवारीला.

सनई_चौघडा

माझ्या कामाचा धागा! एप्रिलमध्ये बहिणीचं लग्न आहे. ४० कामं, जानेवारीपासून. वरचा फॉर्म्युला लावला. दोन अडचणी. एक, ओळ शंभराहून जास्त ठिंपक्यांची होते, फोनवर चार-चार ओळींत मोडते. दोन, काही कामांना शेवटची तारीखच नाही, "पत्रिका वाटप, लग्नापर्यंत". तिथे `#VALUE!` येतं.

फूटपट्टी

रिकामा खण म्हणजे शीटच्या लेखी शून्य. शून्यातून सुरुवात वजा केली की उणे आकडा येतो, आणि `REPT` उणे वेळा काही लिहू शकत नाही. "लग्नापर्यंत" म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवसाची तारीख लिहून टाका. शेवट सुरुवातीच्या आधी पडला तरी हाच `#VALUE!` दिसेल. एक फसवी जागा मात्र आहे. शेवट सुरुवातीच्या बरोबर एक दिवस आधी पडला तर `C2-B2+1` शून्य होतं, चूक काहीच येत नाही आणि नुसत्या ठिंपक्यांची ओळ दिसते. ठिंपक्यांत `#` नसलेली ओळ सापडली की तारखा उलट्या आहेत का बघा.

लांबीसाठी एका अक्षरात एक आठवडा घ्या:

```
=REPT(".",INT((B2-$F$1)/7))&REPT("#",INT((C2-$F$1)/7)-INT((B2-$F$1)/7)+1)&" "&A2
```

F1 मध्ये `MIN` ऐवजी त्या आठवड्याचा सोमवार हाताने लिहा, म्हणजे प्रत्येक अक्षर सोमवार ते रविवार होईल.

रात्रपाळी

एवढं कशाला? दिवसांना ७ने भागून `ROUND` करा की.

फूटपट्टी

तिथेच घसरतं. शनिवारी हॉल बघायचा आणि सोमवारी आगाऊ रक्कम द्यायची, तीन दिवसांचं काम. तीनला सातने भागून `ROUND` केलं की शून्य, काम गायब. `ROUNDUP` केलं तर एक अक्षर येईल, पण ते काम दोन आठवड्यांत पसरलंय. लांबीला भागायचं नाही. सुरुवात कोणत्या आठवड्यात, शेवट कोणत्या आठवड्यात हे वेगवेगळं काढायचं आणि दोन्हींमधले आठवडे भरायचे. वरचा फॉर्म्युला तेच करतो.

त्याची किंमतही सांगतो. एक काम मंगळवारी संपलं आणि दुसरं गुरुवारी सुरू झालं, तरी दोन्हींचा `#` एकाच आठवड्यात पडणार. म्हणजे नसलेली टक्कर दिसते. म्हणून टकरा शोधायच्या तर एक अक्षर एक दिवस, आणि आठवड्यांचा तक्ता फक्त मामा-मावशींना पाठवायला.

आज्जीचा_नातू

मला शीट आवडत नाही, मी पायथनमध्ये लिहिलं. धागाकर्तीची यादी जशीच्या तशी `kaam.txt` मध्ये:

```python
from datetime import datetime

def d(s):
    return datetime.strptime(s.strip(), "%d/%m/%Y").date()

kaam = []
for ol in open("kaam.txt", encoding="utf-8"):
    if ol.strip():
        n, a, b = ol.split(",")
        kaam.append((n, d(a), d(b)))

s = min(k[1] for k in kaam)
e = max(k[2] for k in kaam)
for n, a, b in kaam:
    print("." * (a - s).days + "#" * ((b - a).days + 1)
          + "." * (e - b).days, n)
```

`%d/%m/%Y` स्पष्ट लिहिल्यामुळे महिना-दिवसाचा घोळ इथे होतच नाही. पण मला `too many values to unpack (expected 3)` अशी चूक येतेय आणि कुठली ओळ ते सांगत नाही. तारखा तर सगळ्या नीट आहेत.

फूटपट्टी

आठवी ओळ. "नळ, कमोड फिटिंग". नावातच स्वल्पविराम आहे, त्यामुळे तीनऐवजी चार तुकडे पडतात. `ol.split(",")` च्या जागी `ol.rsplit(",", 2)` लिहा. ते उजवीकडून फक्त दोनदा तोडतं, म्हणजे तारखा सुटतात आणि उरलेलं सगळं नाव. एक सावधान, इथे उलट्या तारखांना चूक येत नाही. पायथन उणे वेळा `#` लिहायला सांगितलं तर गुपचूप काहीच लिहीत नाही. `b < a` तपासून ओरडणारी एक ओळ घाला.

आज्जीचा_नातू

चाललं! दोन तास तारखाच तपासत बसलो होतो.

कोपऱ्यातली_खिडकी

आता फोनचं. २ फेब्रुवारीपर्यंत तक्ता २९ अक्षरांचा झाला. पुढे नाव आलं की ओळ मोडते आणि खालची पट्टी कुठल्या नावाची तेच कळत नाही.

फूटपट्टी

आधी ठेकेदाराच्या फोनची रुंदी मोजा. बॅकटिकमध्ये `1234567890` सलग चारदा लिहून त्याला पाठवा आणि ओळ कितव्या आकड्यावर मोडते ते विचारा. ३०च्या पुढे मोडत असेल तर तुमची पट्टी बसते, फक्त नाव वेगळ्या ओळीवर न्या, पट्टीच्या वर. त्याने फोनवर अक्षरं मोठी करून ठेवली असतील तर मात्र बसणार नाही.

कोपऱ्यातली_खिडकी

त्याच्याकडे ३१व्या आकड्यावर मोडते. काठावर पास. सासूबाईंच्या फोनवर २२वर, पण त्या म्हणाल्या, "मला ते काटेकुटे नकोतच, पाणी कधी येणार तेवढं सांग."

अजून एक. सोसायटीत रविवारी आवाजाचं काम चालत नाही. रविवार वेगळा दिसला तर बरं.

रात्रपाळी

रविवार काढूनच टाका. २९ची २५ अक्षरं होतील. `NETWORKDAYS.INTL(B2,C2,11)` फक्त रविवार सुट्टी धरून कामाचे दिवस मोजतं.

फूटपट्टी

फॉर्म्युला बरोबर आहे, पण या यादीला लावू नये. पाणी १६ ते १८ भरलेलं आहे आणि १८ला रविवार. पाण्याला सुट्टी नसते, ते रविवारीही मुरतं आणि गळायचं तर रविवारीही गळतं. रविवार काढला तर तीन दिवसांची चाचणी दोन दिवसांची दिसेल. माणसाचं काम आणि नुसतं थांबणं यांना वेगळं चिन्ह द्या. E स्तंभात कामासमोर `#` आणि पाण्यासमोर `~` लिहा. मग गूगल शीटमध्ये:

```
=ARRAYFORMULA(LET(d,SEQUENCE(1,$F$2-$F$1+1,$F$1),TEXTJOIN("",TRUE,
IF((d>=B2)*(d<=C2),E2,IF(WEEKDAY(d)=1,":",".")))))
```

हा एकेक दिवस घेऊन विचारतो: कामात आहे का? नसेल तर रविवार आहे का? E चा खण रिकामा राहिला तर पट्टीची अक्षरं गळतात आणि ती ओळ बाकीच्यांपेक्षा आखूड होते. शेजारी `LEN` लावून ठेवा, सगळीकडे २९ आलं पाहिजे. इथे `LEN` चालतं, कारण देवनागरी नाही.

बोरकूट

पण एखादं काम शनिवारपासून मंगळवारपर्यंत असेल, तर मधल्या रविवारी `#` दिसणार ना? कामगार तर येणार नाही.

फूटपट्टी

दिसणार. दोन्ही `IF` अदलाबदल केले तर रविवारी `:` येईल, पण मग पाण्याची पट्टीही तुटेल. तिथे E मध्ये `~` आहे का हे आधी विचारावं लागेल. मी स्वतः असं काम रविवारी तोडून यादीत दोन ओळी करतो. सगळ्यांना हे पटत नाही, आमच्याच ऑफिसात यावर वाद आहे.

सनई_चौघडा

आणि ठरलेली तारीख आणि प्रत्यक्ष तारीख दोन्ही दाखवायच्या असतील तर?

रात्रपाळी

दोन ओळी करा, एक ठरलेली, एक खरी.

फूटपट्टी

४० कामांच्या ८० ओळी ग्रुपवर कोण वाचणार? मला तरी याचं चांगलं उत्तर अजून मिळालेलं नाही. मी जुना तक्ता पिन करून ठेवतो आणि नवा खाली टाकतो.

कोपऱ्यातली_खिडकी

शेवटचा तक्ता. आज ग्रुपवर टाकला.

```
05     12     19     26     2
तोडफोड
###...:......:......:......:.
प्लंबिंगची लाइन
...###:......:......:......:.
वायरिंगचे पाइप
....##:......:......:......:.
वॉटरप्रूफिंग
......:####..:......:......:.
पाणी भरून ठेवणे
......:....~~~......:......:.
टाइल्स
......:......:######:......:.
फॉल्स सीलिंग
......:......:......:.##...:.
नळ, कमोड फिटिंग
......:......:......:...###:.
राडारोडा उचलणे
......:......:......:......:#
```

भावाने विचारलं, २५-२६ला कुणीच का नाही. रविवार आणि लागून प्रजासत्ताक दिन, हे तिकडे बसून त्याच्या लक्षात आलं नव्हतं. ठेकेदाराने तक्ता बराच वेळ बघितला आणि फोन केला: "ताई, ते दोन ठिंपके एकावर एक आहेत ते रविवार ना? मग २७च्या आधी मला सीलिंगचं सामान २४लाच वर आणून ठेवू द्या, मंगळवारी सकाळी लिफ्ट मिळत नाही."

बोरकूट

ठेकेदार बदलू नका.